स्क्वेअर वेव्हचे हार्मोनिक जुळत नाहीत? आधी गुणोत्तर काढा

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला ही तक्रार ठरलेली असते. स्क्वेअर वेव्ह ० ते ५ व्होल्टची, १ किलोहर्ट्झची. पहिल्या हार्मोनिकचा गुणक वहीत ६.३७ आला, स्कोपच्या एफएफटीने २.२५ दाखवला आणि पायथनने १५९२ छापला. तीन ठिकाणी तीन आकडे, आणि जर्नलमध्ये कोणता लिहायचा हे कळत नाही.

खरा आकडा ३.१८ व्होल्ट आहे. बाकीचे तिन्ही त्याच्यापासून ठरावीक पटीने सरकलेले आहेत: ६.३७ म्हणजे बरोबर दुप्पट, २.२५ म्हणजे १.४१४ ने भागलेला, १५९२ म्हणजे ५०० पट. म्हणून आकडा चुकला की सूत्र पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसू नका. तुमचा आकडा भागिले अपेक्षित आकडा, एवढे करा. चूक कोणती ते ती पट सांगते.

मात्र त्याआधी एक फरक ओळखायचा असतो. पहिला, तिसरा, पाचवा असे सगळेच गुणक एकाच पटीने चुकत असतील तर गडबड मोजपट्टीची आहे, वेव्ह ठीक आहे. पण १ : १/३ : १/५ हे प्रमाणच मोडले असेल, किंवा दुसऱ्या-चौथ्या जागी काहीतरी उगवले असेल, तर गडबड वेव्हमध्ये किंवा ती पकडण्याच्या पद्धतीत आहे. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे.

३.१८ कुठून आला

गुणकाचा अर्थ कळला की पाठांतराची गरज राहत नाही. b₃ काढणे म्हणजे वेव्हला तिप्पट वारंवारतेच्या साईनने गुणायचे, पूर्ण आवर्तनावर सरासरी घ्यायची आणि ती दुप्पट करायची. वेव्ह त्या साईनच्या तालात किती आहे, याचे ते माप. दुप्पट एवढ्यासाठी की साईनच्या वर्गाची सरासरी अर्धी असते.

```
b_n = (2/T) ∫ v(t) sin(2πnt/T) dt
```

आता आपली वेव्ह पहिल्या अर्ध्या आवर्तनात ५ व्होल्ट आहे आणि उरलेल्या अर्ध्यात शून्य. म्हणजे इंटिग्रल फक्त पहिल्या अर्ध्याचे. त्या अर्ध्यात sin 3θ चे तीन फुगे बसतात: वर, खाली, वर. प्रत्येक फुग्याचे क्षेत्रफळ २/३. पहिला वरचा आणि खालचा एकमेकांना खातात, एक वरचा उरतो. म्हणून उत्तर ५ × (२/३) ÷ π, म्हणजे १.०६१ व्होल्ट. पाचव्या हार्मोनिकला पाच फुगे, प्रत्येक २/५ चा. चार एकमेकांत जिरतात, एक उरतो. दुसऱ्याला दोन फुगे, एक वर आणि एक खाली. काहीच उरत नाही. `1/n` आणि सम हार्मोनिकचे शून्य, दोन्ही याच चित्रातून येतात. वहीत हे एकदा हाताने काढाच. पाच मिनिटांचे काम आहे.

```
b_n = 10/(nπ),  n = 1, 3, 5, ...
b1 = 3.183   b3 = 1.061   b5 = 0.637   V
a0 (सरासरी) = 2.5 V
```

सम हार्मोनिक शून्य होण्याची अट चित्रात उघड दिसते: उंच भाग बरोबर अर्धा हवा. ही अट लक्षात ठेवा, पुढे सगळी गडबड तिथेच आहे.

सगळे एकाच पटीने चुकताहेत

दुप्पट आले, म्हणजे `4A/(nπ)` मध्ये A च्या जागी ५ घातले. ते सूत्र +A आणि −A मध्ये खेळणाऱ्या वेव्हचे आहे. ० ते ५ ची वेव्ह म्हणजे ±२.५ ची वेव्ह अधिक २.५ व्होल्ट डीसी, म्हणून A = २.५. डीसी फक्त a0 मध्ये जातो, बाकी एकाही गुणकाला हात लावत नाही.

पण दुप्पट स्कोपवरच दिसत असेल, तर फंक्शन जनरेटरची लोड सेटिंग बघा. ती ५० ओहमवर असेल तर जनरेटर धरून चालतो की समोर ५० ओहम जोडलेले आहेत आणि अर्धा व्होल्टेज त्याच्या आतल्या ५० ओहमवर पडणार आहे. स्कोपचा इनपुट १ मेगओहम, तिथे काहीच पडत नाही. पडद्यावर ५ लिहिलेले असते, बाहेर १० येतात. सेटिंग `High Z` करा. म्हणूनच एफएफटी लावण्याआधी वेव्हची खरी पीक-टू-पीक स्कोपवर मोजून तीच सूत्रात घालायची. जनरेटरच्या पडद्यावरची नाही.

१.४१४ ची पट म्हणजे आरएमएस. स्कोपची एफएफटी साधारणपणे शिखराची उंची देत नाही, आरएमएस देते. ३.१८३ ÷ १.४१४ = २.२५१. स्केल `dBV` वर असेल तर हाच आकडा ७.०५ दिसेल, कारण २० log₁₀(२.२५१) = ७.०५. तिसरे हार्मोनिक त्याच्या ९.५४ डेसिबल खाली, म्हणजे −२.४९ वर, पाचवे १३.९८ खाली, म्हणजे −६.९३ वर. डेसिबलमध्ये काम करताना निव्वळ आकड्यापेक्षा हे अंतर वाचा, ते व्होल्टच्या गोंधळातून मुक्त असते.

पायथनमधली ५०० ची पट म्हणजे N/2. `np.fft` बेरीज करते, सरासरी काढत नाही. १००० नमुने असतील तर १००० ने तुम्हीच भागायचे. शिवाय अर्धी उंची ऋण वारंवारतेकडे गेलेली असते, म्हणून २ ने गुणायचे. डीसीला मात्र जोडीदार नसतो, त्याला दोनने गुणले की २.५ चे ५ होतात.

```python
import numpy as np
N, P = 1000, 100
k = np.arange(N)
v = np.where(k % P < P//2, 5.0, 0.0)
c = 2*np.abs(np.fft.rfft(v))/N
c[0] /= 2
for n in range(6):
    print(n, round(c[n*(N//P)], 4))
```

यातून २.५, ३.१८३६, ०, १.०६२६, ०, ०.६३९२ येतील. तिसरा १.०६१० ऐवजी १.०६२६ का? एका आवर्तनात १०० च नमुने आहेत, आणि स्क्वेअर वेव्हचे हार्मोनिक संपतच नाहीत. ५० व्याच्या वरचे सगळे दुमडून खाली येतात. खालच्या हार्मोनिकवर हा परिणाम नगण्य आहे, पण ४९ वे हार्मोनिक ०.०६५ ऐवजी ०.१०० दिसते. म्हणून मर्यादेजवळचे गुणक जर्नलमध्ये लिहू नका.

या कोडमध्ये `np.sign(np.sin(...))` मुद्दाम टाळले आहे. शून्य ओलांडण्याच्या क्षणी नमुना पडला की साईन कधी नेमका शून्य येतो, कधी १०⁻¹⁵ एवढा धन, कधी ऋण. `sign` त्याचे ०, +१ किंवा −१ करते. एखाद्या आवर्तनात ५० ऐवजी ५१ नमुने उंच होतात आणि स्पेक्ट्रममध्ये बारीक सम हार्मोनिक उगवतात. पूर्णांकांवर `k % P` केले की हा प्रश्नच येत नाही.

दुसरे हार्मोनिक कुठून आले

बहुतेकांची वेव्ह जनरेटरवरून नाही तर नागपूरच्या बर्डीवरून आणलेल्या ५५५ वरून येते, आणि खरी गंमत तिथे आहे. नेहमीचे सर्किट घ्या: RA = १ किलोओहम, RB = ६.८ किलोओहम, C = ०.१ मायक्रोफॅरड. वारंवारता १.४४ ÷ ((१ + १३.६) × १०³ × ०.१ × १०⁻⁶), म्हणजे सुमारे ९८६ हर्ट्झ. पण कपॅसिटर चार्ज होताना करंट RA आणि RB दोन्हींतून जातो, डिस्चार्ज होताना फक्त RB मधून. म्हणून उंच भाग ७.८ ÷ १४.६, म्हणजे ५३.४ टक्के. या साध्या जोडणीत तो ५० च्या खाली येऊच शकत नाही, आणि RA शून्य करून ५० गाठायला गेलात तर पिन ७ चा ट्रान्झिस्टर थेट सप्लायला भिडून जळेल.

स्कोपवर ५३ टक्क्यांची वेव्ह चांगली स्क्वेअर दिसते. डोळ्याला तीन टक्के कळत नाहीत. एफएफटीला कळतात. ड्युटी सायकल D असेल तर हार्मोनिकची उंची अशी:

```
c_n = (2·Vpp/(nπ)) · |sin(nπD)|
```

D = ०.५३४२ घालून पहिल्याच्या तुलनेत काढा. दुसरे १०.७ टक्के, तिसरे ३१.८, चौथे १०.५, पाचवे १७.३, सहावे १०.१, सातवे १०.५. सहावे आणि सातवे जवळजवळ सारखेच! विषम हार्मोनिक भराभर उतरतात, सम मात्र जागचे हलायला तयार नाहीत. पाहणाऱ्याला वाटते आयसीच खराब आहे.

आयसी खराब नाही. ५३.४ टक्क्यांची वेव्ह म्हणजे ५० टक्क्यांची शुद्ध वेव्ह, आणि तिच्या कडेला चिकटवलेला ०.०३४T रुंदीचा एक बारीक पल्स. बारीक पल्सच्या स्पेक्ट्रममध्ये सुरुवातीचे सगळे हार्मोनिक जवळपास सारख्या उंचीचे असतात, कारण इतक्या कमी वेळात साईन फारसा हलत नाही. सम जागा शुद्ध वेव्हने रिकाम्या ठेवलेल्या असतात, म्हणून तिथे एकटा हा पल्स उघडा दिसतो. याचा उलटा उपयोगही होतो: दुसरे हार्मोनिक भागिले पहिले, त्याला π ने भागा, ड्युटी ५० पासून किती सरकली ते मिळते. ०.१०७ ÷ ३.१४ = ०.०३४. कर्सरने रुंदी मोजण्यापेक्षा हे अधिक बारीक माप आहे. ४८ टक्क्यांच्या वेव्हलाही दुसरे हार्मोनिक पहिल्याच्या २४ डेसिबल खाली दिसते, म्हणजे एफएफटीत ठळकच.

इलाज म्हणून रेझिस्टर बदलत बसू नका. ५५५ दुप्पट वारंवारतेवर चालवा (वरच्याच रेझिस्टरना ०.०४७ मायक्रोफॅरड, सुमारे २.१ किलोहर्ट्झ) आणि ४०१३ फ्लिपफ्लॉपने दोनने भागा. पिन २ ची तार पिन ५ ला, पिन ४ आणि ६ ग्राउंडला, क्लॉक पिन ३ वर, आउटपुट पिन १ वर, ७ ग्राउंड, १४ ला ५ व्होल्ट. न वापरलेल्या अर्ध्याच्या पिन ८, ९, १०, ११ ग्राउंडला जोडा, हवेत सोडू नका. फ्लिपफ्लॉप फक्त चढत्या कडेवर पलटतो, त्यामुळे ५५५ ची ड्युटी काहीही असो, बाहेर बरोबर अर्धे-अर्धे मिळते.

इथे एक खड्डा आहे. साध्या बायपोलर ५५५ चे आउटपुट ५ व्होल्ट सप्लायवर पूर्ण ५ ला पोचत नाही, एक-दीड व्होल्ट खालीच राहते. ४०१३ ला उंच म्हणून ओळखायला ३.५ व्होल्ट लागतात, म्हणजे काठावरची स्थिती: एका टेबलवर चालते, शेजारच्या टेबलवर पल्स गाळते. ५५५ च्या पिन ३ वरून ५ व्होल्टला १ किलोओहम लावा, किंवा सीमॉस प्रकारचा ७५५५ घ्या. ४०१३ ला हलका लोड असला की त्याचे आउटपुट जवळजवळ ० ते ५ जाते, त्यामुळे ३.१८ शी सरळ तुलना करता येते.

शिखर बुटके, बाजूला पसारा

सम हार्मोनिक नाहीत, पण शिखरे खाली बसली आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी पसारा आहे, तर मोजलेल्या तुकड्यात पूर्ण आवर्तने बसलेली नाहीत. वरच्या कोडमध्ये N = १०५० करा आणि शिखर शोधा: साडेदहा आवर्तने होतात, पहिल्या हार्मोनिकचे शिखर दोन खणांच्या मध्ये पडते आणि सुमारे ३३ टक्के खाली येते. सगळ्यांत वाईट स्थिती तीच. कोडमध्ये N ला P च्या पटीत ठेवले की प्रश्न मिटतो.

खऱ्या सर्किटमध्ये ती मुभा नाही, कारण वारंवारता तुमच्या हातात नसते. C म्हणून १०४ लिहिलेला स्वस्त डिस्क सिरॅमिक असेल तर ती तापमानासोबतही सरकते. मे महिन्यातल्या नागपुरात, पंख्याखालच्या टेबलवरही, सकाळचे आणि दुपारी तीनचे रीडिंग एक येत नाही. ड्युटी मात्र रेझिस्टरच्या गुणोत्तरावर असल्याने जागेवर राहते. म्हणून स्कोपवर विंडो निवडावीच लागते. उंची मोजायची असेल तर `Flat Top`, शिखर नेमके कुठे आहे ते बघायचे असेल तर `Hanning`. स्कोप विंडोची भरपाई स्वतः करतो. पायथनमध्ये हॅनिंग लावली तर उंची निम्मी होते, ती तुम्हाला दोनने गुणून परत आणावी लागते. नाही आणली तर पुन्हा सगळे एका पटीने चुकलेले दिसेल, आणि आता पट ०.५ असेल.

दोन हार्मोनिकच्या मध्येच एखादे अनोळखी शिखर दिसले तर टाइमबेस एक पायरी हलवा. खरी हार्मोनिक आपल्या वारंवारतेवर थांबतात. दुमडून आलेली उडी मारतात, कारण टाइमबेसबरोबर स्कोपची सॅम्पलिंग गती बदलते. आणि वेव्ह उभ्या दिशेने पडद्यात पूर्ण मावते आहे ना, ते बघा. माथा पडद्याबाहेर गेला की कापलेल्या वेव्हची एफएफटी निघते.

गुणक बरोबर, पण बेरीज केली तर स्क्वेअर होत नाही

गुणक जुळले, ते परत जोडले, आणि स्क्वेअरऐवजी टोकदार सुळके आले. याचा अर्थ फक्त उंची घेतली, फेज टाकून दिला. शून्य क्षण कडेवर ठेवला तर सगळे साईन येतात आणि सगळे धन. तोच क्षण उंच भागाच्या मध्यावर ठेवला तर सगळे कोसाईन येतात आणि चिन्हे आलटून पालटून: १, −१/३, +१/५, −१/७. दोन पुस्तकांत दोन उत्तरे दिसतात ती यामुळे. वेव्ह एकच, घड्याळ वेगळे. c_n दोन्हीकडे सारखाच. पण कोसाईन घेऊन चिन्हे सगळी धन केली, तर सगळ्या पदांची शिखरे एकाच क्षणी एकमेकांवर चढतात आणि सुळका तयार होतो. तेच हार्मोनिक, तीच शक्ती, आकार मात्र पूर्ण वेगळा.

बेरीज स्क्वेअर झाली, तरी कडेला एक शिंग उरते. पाच विषम पदे घेतली (नवव्या हार्मोनिकपर्यंत) तर ते ५.४५६ व्होल्टपर्यंत जाते, कडेपासून ५० मायक्रोसेकंदांवर. पन्नास पदे घेतली तर ५ मायक्रोसेकंदांवर सरकते, पण उंची ५.४४७ च्या खाली जात नाही. पदे कितीही वाढवा, उडीच्या जवळजवळ ९ टक्के एवढे ते राहणारच. फक्त अरुंद होत जाते. कोडमधली चूक समजून रात्र घालवू नका. विल्ब्रहम यांनी १८४८ मध्येच हे दाखवले होते, नाव मात्र पुढे गिब्जचे लागले.

तसेच शिंग स्कोपवर प्रत्यक्ष वेव्हच्या कडेला दिसले तर ते गिब्जचे समजू नका. ५५५ कुठल्याही पदावर बेरीज थांबवत नाही. ते बहुतेक वेळा प्रोबचे असते. प्रोब १०× वर ठेवा, स्कोपच्या पुढच्या बाजूला असलेल्या कॅलिब्रेशनच्या खुंटीला लावा आणि माथा सपाट होईपर्यंत प्रोबचा छोटा ट्रिमर प्लास्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरवा. माथा कडेला वर उचललेला असेल तर वरची हार्मोनिक जास्त दिसतील, कडेला गोल झालेला असेल तर कमी. हे समायोजन न करता घेतलेल्या एफएफटीत पहिले हार्मोनिकसुद्धा थोडे हललेले असू शकते, म्हणून ते सगळ्यात आधी करा आणि मग ३.१८ शोधायला बसा.